दूध पातळ असल्याची तक्रार

पातळ बासुंदी वाढणारा माणूस कंजूष, हे आमच्या लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की त्यापुढे कोणाचा खुलासा चालत नाही. वाटी तिरकी करायची, दूध भराभर ओघळलं की शेजाऱ्याकडे बघून भुवई उडवायची. बस. निकाल लागला. माझ्या आत्याचं स्वयंपाकघर ह्या उडालेल्या भुवईपायी जाता जाता राहिलं, म्हणून ती हकिकत लिहिते आहे.

मध्यभारत हे आमचं राज्य मोडून नव्या मध्यप्रदेशात घातलं, त्या वर्षीची गोष्ट. उज्जैनच्या कचेऱ्यांतली टेबलं, कपाटं आणि माणसं भोपाळकडे निघाली होती. रोज कोणाच्या तरी घरापुढे सामानाचा टांगा उभा. फ्रीगंजात सरकारी नोकरांचा एक क्लब होता आणि त्याच्या मागच्या अंगाला उपाहारगृह. ते आत्या चालवत असे. तिचे यजमान त्याच क्लबात कारकून होते. ते गेल्यावर दया म्हणून दोन महिन्यांपुरतं स्वयंपाकघर तिच्या हाती दिलं, आणि तिने ते वर्षानुवर्षं सोडलं नाही. आत्या गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती. आपल्या हाताचा तिला गर्व होता आणि तो ती दिवसातून चारदा बोलून दाखवी.

तिच्या जोडीला मास्तरीणबाई. देवास गेटाकडच्या शाळेतल्या मास्तरांची ही बायको. स्वतः कोणाला काही शिकवत नसे, पण नाव पडलं ते पडलं. मी शिक्षण संपवून घरी होते. घरकाम करणाऱ्या, गिरणीत जाणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या बायकांना कोणी नोकर म्हणून मोजत नाही, यावर पत्रकं लिहायची, छापून आणायची आणि फ्रीगंजच्या चौकात वाटायची, हा माझा उद्योग. लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात शेंगदाणे बांधायचे.

क्लबचे चिटणीस आमच्याचपैकी, मराठी. पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या दप्तरात बसलेलं घराणं. राज्यं बदलली तरी यांची बसण्याची ढब बदलली नव्हती. निम्मे सभासद भोपाळला जाणार, तेव्हा उपाहारगृह आता देवास गेटावरच्या एका हलवायाला ठेक्याने द्यावं, असं त्यांनी काढलं.

"रोजची पोळीभाजी ठीक आहे हो," ते आत्याला म्हणाले, "पण दावतीचं काम बाईमाणसाचं नाही."

"का? दावतीला आलेली माणसं तोंडाने जेवत नाहीत?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही विचारलं," ते म्हणाले.

आत्याने मला मागे सारलं आणि म्हणाली, "दावत सांगा. करून दाखवते."

बडे साहेब भोपाळला चालले होते. ते उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. कलकत्त्याला काही वर्षं काढलेली आणि तिथली रसमलाई जिभेवर बसलेली. त्यांच्या निरोपाच्या जेवणात रसमलाई हवी, असं चिटणिसांनी ठरवलं. आणि चार सभासदांसमोर बोलले, की रसमलाई जमली तर स्वयंपाकघर बाईंकडे राहील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून हलवाई. मी लगेच म्हटलं, हे लिहून द्या. ते हसले. लिहून कोण देतो!

उज्जैनमध्ये तेव्हा रसमलाई म्हणजे ऐकीव गोष्ट. आत्याला ती येत नव्हती. पण स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरांत एक बंगाली वहिनी राहत. आत्या त्यांच्याकडे पुरणपोळ्या घेऊन गेली आणि दुपारभर त्यांच्या चुलीशी बसून आली. वहिनींनी सगळं दाखवलं. निघताना दोनदा बजावलं, "दीदी, दूध पातला रखना. मोटा मत करना."

आत्याने ऐकलं आणि सोडून दिलं. पातळ दूध करायला काय अक्कल लागते, असं तिला वाटलं.

पहिलीच अडचण आली ती दूध नासवण्याची. चकत्यांसाठी छेना करायचा तर चांगलं दूध मुद्दाम फाडावं लागतं. मास्तरीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "भरल्या घरात हाताने दूध नासवायचं? मी नाही बघणार." माझं डोकं तडकलं. मी अंधश्रद्धेवर बोलायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, "तू बोल, तोवर मी शेगडी अंगणात नेते. घरात नको तर घराबाहेर." आणि खरंच, त्यानंतर दूध नेहमी मागच्या अंगणात फाडलं गेलं, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या झाऱ्याने. मला ते मुळीच पटलं नव्हतं. पण लिंबाचा झारा बासुंदीच्या दुधाला कधी लागला नाही, हेही खरं.

पहिली रसमलाई आत्याने आपल्या मनाने केली. छेना छान झाला. गाईचं दूध उतरवून, जरा निवू देऊन, पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घातला. हिरवट पाणी सुटताच हात थांबवला आणि वरून गार पाणी ओतलं. फडक्यात बांधून दोनदा धुतला, टांगला. मग परातीत तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मळला, गुळगुळीत होईतो. चकत्या केल्या, भेगा राहू दिल्या नाहीत, पातळ पाकात झाकण ठेवून खळखळ उकळल्या. त्या फुगून दुप्पट झाल्या तेव्हा आत्याने आमच्याकडे असं पाहिलं की जणू कलकत्ता तिनेच वसवलं होतं.

आणि मग तिने त्या चकत्या बासुंदीत टाकल्या. खऱ्याखुऱ्या बासुंदीत. तासन्‌तास आटवलेली, जायफळ घातलेली, चारोळ्या पेरलेली, पळी उभी राहील अशी. चकत्या वर तरंगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक खाल्ली, म्हणजे चावली. बाहेरून मलई, आत खोडरबर.

"दाट दुधात घालून काय उपयोग," मी म्हटलं, "दूध आत शिरणार कसं? वहिनींनी सांगितलं होतं."

"पातळ दूध मी पंगतीत वाढलेलं नाही आजपर्यंत!"

"मग खोडरबर वाढ."

आत्या माझ्याशी दिवसभर बोलली नाही. पण संध्याकाळी तिने पुन्हा दूध ठेवलं. या वेळी एक तृतीयांश आटताच उतरवलं, साखर घातली, केशर घातलं, बोट बुडवता येईल इतकं कोमट होऊ दिलं. चकत्या पाकातून काढून दोन तळव्यांत अलगद दाबल्या, पाक निथळला, मग दुधात सोडल्या. उकळत्या दुधात नाही, शेगडीवर नाही. पाक उकळताना दाट होऊ लागला की त्यात गरम पाण्याचा शिपका मारायचा, हेही तिने या खेपेला पाळलं. पाक घट्ट झाला तर चकत्या आक्रसतात. सकाळी चमचा लावला तर चकती दबली आणि दूध सोडून परत फुगली. मास्तरीणबाईंनी दोन खाल्ल्या आणि नासवल्या दुधाबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

निरोपाच्या दिवशी सगळं तसंच केलं. सकाळी छेना, दुपारपर्यंत चकत्या दुधात. मोठं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. पुऱ्यांची कणीक भिजत होती, आणि मला वाटलं की आता संकट टळलं.

तीनच्या सुमाराला चिटणीस आले. झाकण काढलं, पळी बुडवली, उचलली. दूध धारेने खाली पडलं. त्यांची भुवई उडाली.

"हे दूध आहे की दुधाचं धुणं?"

"गार झालं की आणखी जरा दाटतं," आत्या म्हणाली. "आणि चकत्या प्यायलेल्या आहेत."

"बाई, मला शिकवू नका. आमच्या घरी बासुंदी खाल्लीय मी. दूध कुठे गेलं? क्लबातून पुरतं दूध मंजूर केलं होतं." ते मास्तरीणबाईंकडे बघत म्हणाले. म्हणजे चोरीचा आळ. सरळ सरळ. पाणी घातलं, नाहीतर दूध घरी नेलं.

मी पुढे झाले. "आळ घेता तर पुरावा द्या. नाहीतर माफी मागा."

"पुरावा हा," त्यांनी पळी हलवली. "असलं पाणी साहेबांपुढे गेलं तर माझं नाक कापलं जाईल. सगळं परत शेगडीवर चढवा, चकत्यांसकट, आणि आटवा चांगलं. सहाला येऊन बघतो. नाही आटलं तर हलवायाकडून श्रीखंड मागवतो आणि उद्यापासून किल्ली त्याच्याकडे."

ते गेले. मास्तरीणबाई मोरीपाशी बसून रडू लागल्या. रडणं रास्तच होतं. तो आळ त्यांच्याकडे बघून घेतला होता. मी म्हणाले, आपण काहीच करायचं नाही, काम थांबवायचं, मी आत्ता पत्रक लिहिते, साहेब यायच्या आत क्लबच्या दारात वाटते.

"पत्रक लिही," आत्या म्हणाली, "आणि किल्ली गेल्यावर ते पत्रक चाट."

चकत्यांसकट उकळलं तर चकत्या आवळणार, रबर होणार; पहिल्या खेपेचं खोडरबर आत्या विसरली नव्हती. नाही आटवलं तर किल्ली जाणार. तिने पातेल्याचं झाकण पुन्हा उचललं. मग म्हणाली, "चकत्या बाहेर काढून नुसतं दूध आटवलं तर?"

मी म्हटलं, हो, काढ.

"थांब." तिने पातेल्यातलं वाटीभर दूध घेतलं, लहान शेगडीवर ठेवलं. आम्ही तिघी त्या वाटीवर वाकलो. कडेला बुडबुडे आले. मग दूध हलकेच सरकलं, आणि कडेला बारीक बारीक दाणे दिसू लागले. फाटलं.

धुतला तरी छेना आपली थोडी आंबटाई राखतो. कोमट दुधात ती काही करत नाही. आच लागली की दूध फाडते. वाटीत फाटलं म्हणून आम्ही वाचलो. पातेलं चढवलं असतं तर साहेबांना साखर घातलेलं नासकवणी वाढावं लागलं असतं.

"आरारूट लावू या का?" मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सगळे हलवाई लावतात."

"ते शिजवावं तर लागेल ना? परत आचच. आणि कच्चं घातलं तर जिभेला पीठ लागेल," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुझी सायकल कुठे आहे?"

मी ताजं दूध आणायला माधव नगरच्या गवळ्याकडे निघाले. रस्ताभर मी चिटणिसांना मनातल्या मनात जे बोलले ते छापता येणार नाही. गवळी गोठ्यात होता. तो म्हणाला, "बाईजी, अभी तो भैंस को हाथ भी नहीं लगाया." मी म्हटलं, लावा. तो म्हणाला, वक्त से पहले नहीं देती. मी तिथे उभी राहिले. म्हशीपुढे भाषण करता येत नाही, नाहीतर तेही केलं असतं. शेवटी त्याने पारडू सोडलं, म्हशीने पान्हा सोडला, आणि मी ताज्या दुधाची बरणी हँडलला बांधून, एका हाताने धरून परत आले. पाच वाजून गेले होते.

आत्याने दूध हुंगलं. वाटीभर आधी वेगळं उकळून पाहिलं. आज एकदा फाटलेलं बघितलं होतं, दुसऱ्यांदा बघायची तिची तयारी नव्हती. ते टिकलं. मग सगळ्यात पसरट कढई घेतली, राखेने घासलेली, पुन्हा गरम पाण्याने धुतलेली, आणि दूध त्यात थोडं थोडं घेऊन आटवायला लागली. पसरट भांड्यात लवकर आटतं. मी ढवळायचं, तळाला लागू द्यायचं नाही, कडेची साय खरवडून आत लोटायची. हात थांबला की आत्या झाऱ्याने माझ्या मनगटावर टोला द्यायची.

"जोरात का नाही जाळ करत?" मी विचारलं. घामाने डोळे चुरचुरत होते.

"करते. मग करपलेला वास तुझ्या पत्रकात गुंडाळून वाढू या."

या आटीव दुधात तिने साखर घातली नाही. पातेल्यातलं दूध गोडच होतं. बाहेर टांगे थांबल्याचे आवाज येऊ लागले. सहा वाजले तेव्हा चिटणीस पाहुण्यांत अडकले होते; त्यांचा चपराशी येऊन विचारून गेला, आटलं का? आत्या म्हणाली, "आटतंय म्हणून सांग." खोटं नव्हतं.

रबडीसारखं झालं तेव्हा कढई उतरवून दूध एका गंजात ओतलं, तो गंज विहिरीच्या पाण्याच्या परातीत ठेवला. मास्तरीणबाई पाणी बदलत होत्या, साय धरू नये म्हणून मी ढवळत होते. आत्या दर थोड्या वेळाने गंजाला बाहेरून हात लावायची आणि मान हलवायची. अजून ऊन. अजून ऊन. ऊन दूध आंबटाईवर पडलं तर वाटीतला प्रकार पातेलाभर व्हायचा. मी म्हणत होते, घाल ना आता, ते येतील. ती म्हणाली, "येऊ देत. त्यांच्या येण्याने दूध निवत नाही."

निवलं, तेव्हा तिने आटीव दूध पळीपळीने पातेल्याच्या कडेने सोडलं. चकत्यांवर नाही. आत पळी फिरवली नाही, त्या फुटल्या असत्या. आम्ही दोघींनी पातेलं दोन बाजूंनी धरून झुलवलं. आम्ही तिघी वाट बघत राहिलो, दाणे दिसतात का. दूध एकजीव झालं. पिवळसर, दाट, सुईच्या टोकाएवढाही दाणा नाही. चकत्या आधीच हवं तितकं पातळ दूध पिऊन बसल्या होत्या, आता बाहेर कितीही दाट असलं तरी त्यांना फरक पडत नव्हता.

चिटणीस आले. पळी बुडवली. दूध पळीला धरून राहिलं.

"बघा," ते म्हणाले. "आटवल्यावर कसं झालं. सकाळीच केलं असतं तर?"

मास्तरीणबाईंच्या हातातला पेला मोरीत पडला. मी तोंड उघडणार तोच आत्याने माझा दंड असा धरला की वळ उठले.

पंगत बसली. मी वाढायला होते. बड्या साहेबांनी चमच्याने चकती दाबली, दूध वर आलं, त्यांनी डोळे मिटले. "वाह," ते म्हणाले. "कलकत्ते में भी इतनी नरम मुश्किल से मिलती थी. किसने बनाई?"

चिटणीस अर्धवट उठून म्हणाले, "बाइयाँ हैं हमारे यहाँ की, साहब. दूध पतला रखा था. मैंने खड़े रहकर गाढ़ा करवाया."

एवढं झाल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. दंडावर वळ होते तरी. मी पातेलं हातात घेऊन पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "साहब, इन्होंने कहा था कि रसमलाई समेत उबालो. वैसा करते तो आप अभी रबर चबा रहे होते. दूध आत्या ने अलग औटाया, ठंडा किया, फिर मिलाया. और इन्होंने हम पर दूध की चोरी का इल्ज़ाम लगाया है. वो अभी वापस नहीं लिया."

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मला कळत होतं की मी तिची किल्ली पंगतीत पणाला लावली आहे.

बड्या साहेबांनी चिटणिसांकडे बघितलं. "उबालने को कहा था?"

"साहब, वो... पतला लग रहा था."

"पतला ही होता है." साहेबांनी चमचा खाली ठेवला. मग वाटी पुढे केली. "एक और. और बाईजी को बुलाइए."

आत्या पदर सावरत आली. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, इल्ज़ाम का क्या मामला है? ती म्हणाली, "वो ये जानें. मुझे तो रसोई चाहिए." माफीची मागणी मी केली होती, तिने केली नाही. मला त्या क्षणी राग आला. अजूनही येतो.

निघायच्या आधी साहेबांनी चिटणिसांकडून कागद लिहून घेतला. उपाहारगृह बाईंकडेच राहील, वर्षाच्या कराराने. पहिल्यांदाच लेखी. चिटणिसांनी सही केली आणि दात चावत आपली एक अट तोंडी घातली, की ही मुलगी पुन्हा क्लबच्या आवारात दिसता कामा नये.

मास्तरीणबाईंची माफी कोणी मागितली नाही. त्या स्वतःच दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही, आणि त्यावर मी पत्रक काढलं, तेही वाटलं.

पण त्या संध्याकाळी आत्याने कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि चिटणिसांना म्हणाली, "तिला कसं काढता? ती तुमच्या पगारावर आहे कुठे? माझी भाची आहे. मागच्या दाराने येते, भांडी घासते, भांडते आणि जाते."

"मग निदान पंगतीत वाढू देऊ नका तिला."

"ते चालेल," आत्या म्हणाली. "तिचा हात जरा जोरात पडतोच. चकत्या फुटतील."

आणि माझ्या हातातलं पातेलं काढून घेऊन दुसऱ्या पंगतीच्या वाट्या तिने स्वतः भरल्या.